एकसष्टावी लादी

"सर, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. अंतर्गत परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न होता. जेट्टीवर बर्फाचे दोनच कारखाने आहेत. एक x लाद्या काढतो, दुसरा y. लादीचा भाव P = ३०० − (x + y), दर लादीचा खर्च ६० रुपये. एकमेकांचा आकडा न कळता दोघांनी आदल्या रात्री लाद्या ठरवायच्या. प्रत्येकाचा बेस्ट रिस्पॉन्स काढा, समतोल काढा, तो समतोल का आहे ते दाखवा. कारखाने अगदी सारखे, म्हणून मी y = x घातलं. नफा २४०x − २x² आला, डिफरन्शिएट करून x = ६०. प्रत्येकाला नफा ७२०० रुपये. मॅडमच्या उत्तरात ८० आहे आणि नफा ६४००च. माझ्या उत्तरात दोघांचाही फायदा जास्त, तरी दहापैकी तीन गुण, आणि शेरा 'हा बेस्ट रिस्पॉन्स नाही'. माझे मामा ट्रॉलरवर तांडेल आहेत. तेही म्हणाले, दोनच कारखानदार असले तर ते आपसात ठरवणारच. मॅडमशी बोलू की फेरतपासणीचा अर्ज करू? उत्तराचा फोटो सोबत पाठवते."
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी जिल्हा

फोटो मोठा करून तुझं उत्तर मी ओळ न् ओळ तपासलं. वजाबाक्या बरोबर, डिफरन्शिएशन बरोबर, ७२०० सुद्धा बरोबर. पण हे बरोबर गणित वेगळ्याच प्रश्नाचं आहे. ते कुठे वळलं हे बोट ठेवून दाखवता येतं. तिसरी ओळ बघ, जिथे तू y = x लिहिलंस.

ती ओळ खोटी आहे का? तसंही नाही. शेवटी दोघांचे आकडे सारखेच येतात, मॅडमचं उत्तरसुद्धा ८० आणि ८० असंच आहे. त्यांनीही कुठेतरी y = x लिहिलं असणार. फरक एवढाच की त्यांनी ते डिफरन्शिएट केल्यावर लिहिलं आणि तू आधी लिहिलंस. आधी कळस, मग पाया. एका ओळीची जागा बदलल्याने एवढं काय बिघडतं, असं तुला वाटेल. त्यासाठी डिफरन्शिएट करणं म्हणजे आपण नेमकं काय विचारतो ते बघू.

नफ्याचं x ने अवकलन करताना कारखान्याचा मालक स्वतःला एक साधा प्रश्न विचारत असतो: "आज रात्री मी आणखी एक लादी काढली, तर माझ्या नफ्यात किती फरक पडेल?" हे विचारताना बाकी काय जागच्या जागी राहणार, हे आधी ठरलेलं हवं. तुझ्या प्रश्नपत्रिकेत ते स्वच्छ लिहिलंय. दुसऱ्याचा आकडा कळत नाही, दोघं आदल्या रात्री ठरवतात. म्हणजे मी एक लादी वाढवली तरी y जिथे आहे तिथेच राहणार. पण तू अवकलन करायच्या आधीच y च्या जागी x लिहिलंस, तेव्हा नकळत असं धरलंस की मी एक वाढवली की पलीकडचाही त्याच क्षणी एक वाढवतो.

एकाच मिस्त्रीने एकाच मापाच्या दोन होड्या बांधल्या, असं समज. रंगसुद्धा एकच. पण एकीचं सुकाणू फिरवलं म्हणून दुसरी वळत नाही. सारखं असणं वेगळं आणि एकमेकांना बांधलेलं असणं वेगळं. तू दोन्ही सुकाणूंना एकच दोरी बांधलीस आणि मग एक फिरवून पाहिलंस.

हे आकड्यांत बघितल्याशिवाय मनात बसणार नाही. दोघं तुझ्या साठावर आहेत. एकूण १२० लाद्या, भाव १८० रुपये. पहिल्या मालकाची विक्री ६० × १८०, म्हणजे १०,८०० रुपये. आता तो एकसष्टावी लादी काढायचा विचार करतो. तुझ्या गणितात दोघांच्याही ६१ होतात, भाव १७८ वर येतो, विक्री १०,८५८. वाढ ५८ रुपयांची आणि लादीचा खर्च ६०. परवडत नाही, म्हणून तो साठावर थांबतो. तुझं x = ६० आलं ते इथून.

प्रश्नपत्रिकेतला मालक मात्र एकटाच ६१ काढतो, पलीकडे साठच असतात. भाव १७९. विक्री ६१ × १७९, म्हणजे १०,९१९. वाढ ११९ रुपयांची, खर्च ६० वजा जाता ५९ रुपये निव्वळ हातात. मग तो साठावर का थांबेल? समोरचा साठावर असताना साठ हे त्याचं सर्वांत चांगलं उत्तर नाही. मॅडमचा शेरा एवढंच सांगतो.

हीच परीक्षा मॅडमच्या ऐंशीची घे. दोघं ऐंशीवर, भाव १४०, विक्री ११,२००. एकट्याने ८१ काढल्या तर भाव १३९, विक्री ११,२५९. वाढ ५९, खर्च ६०. एक रुपयाचा तोटा. एकट्याने ७९ काढल्या तर भाव १४१, विक्री ११,१३९. गेले ६१, वाचले ६०. पुन्हा एक रुपयाचा तोटा. वर जाण्यातही फायदा नाही आणि खाली येण्यातही नाही. 'तो समतोल का आहे ते दाखवा' या उपप्रश्नाचं उत्तर एवढ्या दोन ओळींत होतं. तू तो उपप्रश्न सोडलास. सोडवायला बसली असतीस तर साठावरची गडबड तुलाच दिसली असती.

आता बेस्ट रिस्पॉन्सबद्दल. तू त्याच्यापुढे '६०' असा एक आकडा लिहिलास. बेस्ट रिस्पॉन्स एक आकडा नसतो. 'समोरच्याने इतक्या काढल्या तर मी इतक्या काढाव्यात' असं ते पूर्ण कोष्टक असतं, आणि सूत्रात लिहिलं की फलन होतं. पहिल्या कारखान्याचा नफा २४०x − x² − xy. इथे y ला हात न लावता फक्त x ने अवकलन कर: २४० − २x − y = ०. म्हणजे x = (२४० − y) ÷ २.

हे सूत्र जरा वाचून बघ. समोरचा कारखाना बंद असेल, y शून्य, तर मी १२० काढेन. तो मक्तेदाराचा आकडा झाला. समोर ६० असतील तर मी ९०. समोर ८० असतील तर ८०. समोर २४० असतील तर मी यंत्रं बंदच ठेवीन, कारण तेव्हाच भाव ६० वर आलेला असतो आणि माझी पहिलीच लादी तोट्यात जाते. समोर २४० पेक्षा जास्त असतील तर सूत्र ऋण आकडा देतं, पण ऋण लाद्या कोणी काढत नाही, तिथे उत्तर शून्यच. 'y २४० किंवा जास्त असेल तर x शून्य' ही ओळ फारच थोडी मुलं लिहितात. माझ्या हातात पेपर असता तर त्या ओळीला मी वेगळा अर्धा गुण दिला असता. समोरच्याने दोन लाद्या वाढवल्या की मी एक कमी करतो, हेही याच सूत्रात दिसतं.

दुसऱ्या कारखान्याचं सूत्र असंच: y = (२४० − x) ÷ २. दोन्ही एकाच वेळी खरी हवीत. आता दोघं सारखे असल्याचा फायदा खुशाल घे आणि y = x घाल. x = (२४० − x) ÷ २, म्हणजे ३x = २४०, x = ८०. तुझी तिसरी ओळ आपल्या जागी आली.

'सारखे आहेत म्हणून सारखंच काढतील' हे पत्रात तू सुरुवातीलाच धरून चालली आहेस. ते खरं तर शेवटी हाती यायला हवं. दुसऱ्या कारखान्याचं यंत्र जुनं आहे, वीज जास्त खातं आणि त्याला लादीमागे ९० रुपये खर्च येतो, असं धर. तुझी पद्धत इथे पहिल्याच पावलाला अडते, कारण y = x म्हणायला आधारच राहत नाही. बेस्ट रिस्पॉन्स घेऊन गेलीस तर अडचण येत नाही. पहिल्याचं सूत्र तेच, दुसऱ्याचं y = (२१० − x) ÷ २. दोन्ही मिळून सोडवलीस की पहिल्याचे ९०, दुसऱ्याचे ६०, भाव १५०. परत घालून तपास: (२४० − ६०) ÷ २ = ९०, (२१० − ९०) ÷ २ = ६०. जमलं. अंतिम परीक्षेत असमान खर्चाचा प्रश्न आला तर आजची सवय तिथे शून्यावर नेईल.

पत्रातला तुझा खरा राग मात्र वेगळा आहे, आणि मला तो आवडला. तुझ्या उत्तरात दोघांनाही ७२००, मॅडमच्या उत्तरात ६४००. ज्यात दोघांचंही भलं तेच उत्तर चूक कसं?

इथे तू असं धरलंयस की समतोल म्हणजे दोघांसाठी सर्वांत चांगली जागा. तसं नसतं. समतोल म्हणजे जिथून एकट्याने हलण्यात कोणालाच फायदा नाही अशी जागा. ती चांगली असेलच असं नाही. ऑगस्टीन कुर्नो या फ्रेंच गणितीने १८३८ मध्ये हे गणित पहिल्यांदा मांडलं. त्याच्या उदाहरणात बर्फ नव्हता, खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांचे दोन मालक होते, आणि खर्च शून्य धरला होता. तुझी शंका त्यालाही होती: हे दोघं मक्तेदाराच्या एकूण उत्पादनावर का थांबत नाहीत, त्यात तर दोघांनाही जास्त मिळतं? त्याचं उत्तर असं की एकजण तिथे थांबला की दुसऱ्याला आपला आकडा बदलून, निदान तात्पुरता, जास्त नफा मिळतो. पुढे १९५० च्या सुमारास जॉन नॅशने हीच कल्पना कुठल्याही खेळाला लागू होईल अशी मांडली, म्हणून आज आपण तिला नॅश समतोल म्हणतो.

तुझ्याच आकड्यांत बघ. दोघांनी साठ-साठ ठरवलंय आणि पहिला मालक रात्री यंत्रासमोर उभा आहे. पलीकडे साठ निघणार हे त्याला माहीत आहे. त्याच्या सूत्रात साठाचं उत्तर ९०. तो ९० काढतो. सकाळी जेट्टीवर १५० लाद्या, भाव १५०. त्याचा नफा ९० × ९०, म्हणजे ८१००. ज्याने शब्द पाळला त्याचा ६० × ९०, म्हणजे ५४००. आता हीच गोष्ट पलीकडच्या मालकाच्या जागी बसून वाच. त्यालाही हाच मोह आहे, आणि शिवाय आपण साठावर राहिलो तर ५४०० वर अडकू ही भीती. तुझ्या साठाला टिकवून धरणारं त्या रात्री काहीच नाही.

म्हणजे मामा चुकले का? मामांचं म्हणणं मी सोडून देणार नाही. ज्याने वर्षानुवर्षं पहाटे बर्फ भरून घेतलाय त्याला कारखानदारांच्या रीती आपल्या दोघांपेक्षा जास्त ठाऊक. पण ते बोलतायत रोज भेटणाऱ्या दोन माणसांबद्दल, आणि प्रश्न होता एका रात्रीचा. रोजचा खेळ असेल तर हिशेब बदलतो. शब्द मोडला तर आज ९०० रुपये जास्त मिळतात, ७२०० ऐवजी ८१००. पण उद्यापासून समोरचाही विश्वास ठेवणार नाही. दोघं ऐंशीवर येतील आणि दर दिवशी ८०० रुपये कमी मिळतील. एकदाचे ९०० एका पारड्यात, पुढे रोजचे ८०० दुसऱ्यात. उद्याच्या पैशाची ज्याला थोडीफार किंमत आहे तो साठाला चिकटून राहील. तुझा आकडा इथे खरा ठरू शकतो. मात्र तेव्हाही तो बेस्ट रिस्पॉन्समधून आलेला नसतो. पुढच्या दिवसांच्या धाकाने तो टिकलेला असतो, आणि उत्तरात तो धाक लिहून दाखवावा लागतो.

त्यातही कोकणातली एक गंमत आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. म्हणजे ३१ मे हा हंगामाचा शेवटचा दिवस दोघांनाही आधीपासून ठाऊक. त्या दिवशी शब्द मोडला तर उद्याची शिक्षा कुठली? मग ३० मेला तरी शब्द का पाळायचा, कारण ३१ ला तो मोडणारच आहे? असं मागे मागे येत हंगामाच्या पहिल्या दिवसापर्यंत सगळंच उसवतं. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच दोघं समोरासमोर येणार आहेत, हे धरलं तर काही प्रमाणात सावरतं. मामांना विचार, हंगाम संपत आला की बर्फाच्या भावाचं काय होतं. मलाही कळव.

दुसरी गोष्ट, असं आपसात ठरवणं कागदावर आणता येत नाही. स्पर्धा कायदा, २००२ च्या तिसऱ्या कलमात प्रतिस्पर्ध्यांनी मिळून भाव बांधणं किंवा माल मुद्दाम कमी काढणं यांवर बंदी आहे आणि असा करार रद्दबातल ठरतो. आपल्या गणितासाठी यातली महत्त्वाची बाजू अशी की एकाने शब्द मोडला तर दुसऱ्याला तो करार घेऊन कोर्टात जाता येत नाही. आणि मोडला हे कळणार तरी कसं? पलीकडच्या कारखान्यात रात्री किती लाद्या निघाल्या हे दिसत नाही, दिसतो फक्त सकाळचा भाव. भाव पडला, तर समोरच्याने जास्त काढल्या म्हणून, की वारा सुटला आणि निम्म्या होड्या गेल्याच नाहीत म्हणून?

आता एका शब्दाबद्दल. आपल्या मराठी पुस्तकांत याला 'प्रतिक्रिया वक्र' म्हणतात, आणि तो शब्द मुलांना हमखास चकवतो. प्रतिक्रिया म्हटलं की वाटतं, आधी एकाने काहीतरी केलं, मग दुसऱ्याने ते पाहून काहीतरी केलं. म्हणून मुलं लिहितात: पहिला ६०, त्यावर दुसरा ९०, त्यावर पहिला ७५, मग साडेब्याऐंशी, असं करत ऐंशी. आकडे खरंच ऐंशीकडे सरकतात आणि ही शिडी स्वतःच्या समजुतीसाठी चांगली आहे. पण प्रश्नातल्या मालकांना एकच रात्र आहे, कोणी कोणाला पाहत नाही. 'समोरचा इतक्या काढेल असं मला वाटतं, तर मी काय करावं' असं ते मनातल्या मनात आहे. दोघांचे अंदाज आणि दोघांची उत्तरं जिथे एकमेकांशी जुळतात ती जागा समतोलाची. खरोखर एक आधी आणि दुसरा नंतर ठरवत असेल तर ते निराळं मॉडेल, स्टॅकेलबर्गचं. तिथे याच आकड्यांत पहिला १२० काढतो आणि दुसरा ६०.

बर्फाचं उदाहरण मॅडमनी उगाच निवडलेलं नाही. लादीचा बर्फ मागितल्याबरोबर तयार होत नाही. पाण्याचे डबे थंड केलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत बरेच तास ठेवावे लागतात. किती डबे भरले हे आधी ठरतं, भाव नंतर जेट्टीवर ठरतो. कुर्नोच्या मॉडेलला असाच धंदा लागतो. याउलट दोघांकडे हवा तेवढा बर्फ आयता पडून असता आणि दोघांनी फळ्यावर भाव लिहिले असते, तर एक रुपया कमी लिहिणाऱ्याकडे सगळे ट्रॉलर वळले असते आणि भाव उतरत उतरत खर्चाला, म्हणजे साठ रुपयांना भिडला असता. त्या तर्काचं श्रेय जोसेफ बर्ट्रांडच्या १८८३ च्या टीकेला देतात. पेपरात आधी हे बघायचं की मालक लाद्या ठरवतायत की भाव.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. फेरतपासणीचा अर्ज करू नकोस. त्यातून बेरजेची चूक सापडते किंवा तपासायचं राहिलेलं पान सापडतं. तुझ्या फोटोत दोन्ही नाही. मी तपासलं असतं तर दोन्ही बेस्ट रिस्पॉन्सना चार, समतोलाला तीन आणि पडताळणीला तीन असे गुण ठेवले असते. तुझ्याकडे नफ्याची सुरुवात नीट मांडलेली आहे आणि पुढचं अवकलन आपल्यापुरतं सुसंगत आहे. त्याचे तीन मिळाले. फार उदार होऊन मी साडेतीन दिले असते.

अर्ज करण्यासारखी एकच परिस्थिती आहे. प्रश्नपत्रिका पुन्हा वाच. 'दोघांनी मिळून जास्तीत जास्त नफा मिळवायचा आहे' अशा अर्थाचा एखादा शब्द त्यात असेल, तर तुझे साठ बरोबर आणि मॅडमचे ऐंशी चूक. तू उतरवून पाठवलेल्या प्रश्नात तसा शब्द नाही, पण मूळ कागद तुझ्याकडे आहे.

मॅडमकडे मात्र जरूर जा. 'माझे गुण का कापले' हा प्रश्न घेऊन गेलीस तर बोलणं गुणांवरच फिरेल. त्याऐवजी कागदावर साठाची परीक्षा मांडून ने: समोर साठ, मी ६१, भाव १७९, फायदा ५९. खाली ऐंशीची दोन्ही बाजूंची परीक्षा लिही. मग विचार, "मॅडम, y = x कुठल्या ओळीनंतर घालायला चालतं?" ज्याने पेपर तपासलाय त्याला या प्रश्नावरून लगेच कळतं की समोरची मुलगी कुठवर आली आहे. आणि मामांचा मुद्दाही काढ. रोजच्या खेळाचं प्रकरण वर्गात अजून झालं नसेल, तर त्या ते तुझ्या निमित्ताने घेतील.

हे वाचणाऱ्या इतर मुलांसाठी एक सांगतो, कारण पेपर तपासताना दोनच चुका मला पुन्हा पुन्हा दिसल्या आहेत. एक तुझी. दुसरी म्हणजे मक्तेदाराचे १२० काढायचे आणि दोनाने भागायचे. तीही साठावरच पोचते, वाट फक्त वेगळी. दोन्हींवर उपाय एकच: उत्तर आलं की समोरच्याला जागेवर खिळवून स्वतःची एक लादी वाढवून बघायची, एक कमी करून बघायची. दोन्हीकडे तोटा दिसला तरच पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. पेपरात याला तीन मिनिटं लागतात.

तुझ्यासाठी एक गणित सोबत देतो. त्याच जेट्टीवर तसाच तिसरा कारखाना सुरू झाला. भावाचं सूत्र तेच, फक्त आता तिघांच्या लाद्यांची बेरीज वजा होते. खर्च तोच, ६० रुपये. पहिल्याचा बेस्ट रिस्पॉन्स काढताना बाकी दोघांची बेरीज जागेवर धर, आणि तिघं सारखे आहेत हे अवकलन झाल्यावरच वापर. प्रत्येकाच्या वाट्याला जो आकडा येईल तो तुझ्या ओळखीचा आहे. त्या आकड्यावर एकसष्टावी लादी काढून बघ, आणि मॅडमकडे जाशील तेव्हा तोही कागद बरोबर ने.